सर्विसचे मेसेज

आमच्याकडे सर्विस म्हणजे नोकरी. बस, दुसरा अर्थ नाही. गाडीची होते ती सर्विसिंग. पोरगा सर्विसले आहे म्हटलं की पोरीवाले सरसावून बसतात, अन् सर्विस नाही म्हटलं की अर्धा चहा तसाच ठेवून पुढच्या एसटीची वेळ विचारतात. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुमी म्हणसान, एवढी शिकलेली पोरगी घरात असून असं झालंच कसं. झालं बाप्पा. आमच्या घरी झालं.

मी पौर्णिमा. मेडशीपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स केला, दीड वर्ष वाशीमच्या एका खाजगी दवाखान्यात राबली, अन् मग घरी बसून फॉर्म भरू लागली. तीन वर्षं मी तेच करून राह्यली. कोणी विचारलं काय करते, तर मी सांगे, फॉर्म भरते. लोक हसत. मी पहिलं वर्ष हसली, नंतर सोडून दिलं.

माझा बाप शेषराव. गावातल्या नळाचा व्हॉल्व उघडाचा अन् बंद कराचा, हे त्याईचं काम. बावीस वर्षं झाली, ग्रामपंचायतीच्या रोजंदारीवर. सरपंच सहा बदलले, प्रत्येकानं पर्मनंट करतो म्हटलं. बाबा सर्विसले कधी लागले नाहीत, म्हणून घरातलं कोणीतरी लागावं हे त्याईच्या डोक्यात इतकं बसलं होतं की आई चिडून म्हणे, या माणसाले देव आठवत नाही, जाहिरात आठवते. तसे आमी देव मानत नाही, पण आईची बोलाची रीत तशी आहे.

आता नंबरचं. तीन वर्षांपूर्वी पहिला फॉर्म भरला तेव्हा घरात एकच फोन होता, बाबाचा, बटनांचा. सगळ्या फॉर्मवर तोच नंबर गेला. पुढं मी माझा फोन घेतला, नंबर घेतला, पण साइटवर एकदा दिलेला नंबर बदलाचा म्हणजे जुन्या नंबरवर कोड येतो, तो टाका, मग नवा द्या. म्हटलं जाऊ द्या. बाबाचा फोन कुठं जाऊन राह्यला?

फॉर्म भरले की काय होते ते भरणाऱ्याले माहीत. नंबर कुठून कुठं जातो कोण जाणे, पण महिन्याभरात फोन सुरू. अभिनंदन, आपली निवड झाली. घरबसल्या सर्विस. विमानतळावर सर्विस. बाबाले इंग्रजी येत नाही, पण मेसेजमधला जॉब हा शब्द त्याईनं ओळखून ठेवला होता. असा मेसेज आला की ते व्हॉल्वची चावी हातात तशीच घेऊन घरी येत अन् फोन माझ्यापुढं धरत. पहिल्या वेळी तर त्याईनं पांढरा शर्ट घातला, जयंतीचा, अन् मले दाखवाच्या आधी बुद्धविहारासमोर बसलेल्या चार जणाईले सांगून आले. मी वाचलं, म्हटलं बाबा हे खोटं आहे. ते म्हणाले, नाव तं तुयंच हाये. नाव माझंच होतं.

असं चारदा झालं. चौथ्या वेळी मी फोन परत दिला अन् दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राह्यली. दुखत नव्हतं. इंजेक्शनच्या आधी कातडीवर स्पिरिट लावते तसं आतून गार गार वाटे, अन् सुई काही टोचत नव्हती. आई जेवण ठेवे, मी जेवे. बाबा दारात येऊन उभे राहत अन् जात. त्यानंतर मेसेज बंद झाले. मले वाटलं, त्या चोरट्याईले दुसरं गिऱ्हाईक भेटलं असन. बरं वाटलं, एवढंच.

मंगळवारी यादी लागली.

एका मोठ्या दवाखान्याची भरती होती. नाव घेत नाही, घेऊन मले काय भेटणार आहे? साइटवर दुसऱ्या यादीत एक्केचाळिसावं नाव माझं. पर्मनंट स्टाफ नर्स. ईमेलबी आला होता. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत साइटवर जाऊन संमतीचं बटन दाबाचं, नोंदवलेल्या मोबाईलवर कोड येईन, तो टाकाचा. नाही टाकला तर जागा पुढच्या नावाले. मी तीनदा वाचलं. खोटं नव्हतं. माझा अर्ज क्रमांक होता, मार्क होते, जन्मतारीख होती.

मले आनंद झाला का? खरं सांगते, नाही झाला. आतून काही हललंच नाही. म्हटलं, आधी कोड येऊ दे, मग पाहू.

बाबाले एवढंच सांगितलं, फोन द्या, एका फॉर्मचा कोड येणार आहे. त्याईनं शर्टाच्या खिशातून काढून दिला. मी बटन दाबलं. साइटवर लिहून आलं, कोड पाठवला आहे. दहा मिनिटं उलटा मोजणारा आकडा सुरू झाला. फोन तसाच. आकडा संपला. परत दाबलं. तिसऱ्या वेळेनंतर साइट म्हणाली, आता एक तास थांबा.

टॉवर नसन म्हणून मी पाण्याच्या टाकीवर चढली. टाकीवर चार दांड्या रेंज येते, तिथंबी कोड नाही. मेसेजचा डबा भरला असन म्हणून जुने मेसेज पुसले. फोन बंद करून चालू केला, सिम काढून पदराले पुसून परत घातलं. गावात सिमकार्डाचा इलाज येवढाच असतो. बाबाच्या भावाले माझ्या फोनवरून म्हटलं बाबाच्या नंबरवर मेसेज टाका. त्याईचा हाय लगेच आला. म्हणजे फोन चांगला होता, रेंज चांगली होती, अन् माझाच कोड तेवढा येत नव्हता.

बुधवारी सकाळी साइटच्या हेल्पलाइनले पाऊण तास लावला. तिकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं, आमच्याकडून पाठवला दिसते, पुढं पोचला की नाही ते आम्हाला दिसत नाही, तुमच्या मोबाईल कंपनीला विचारा. ईमेलवर कोड द्या म्हटलं, तर तशी सोय नाही. मी येऊन सही करते म्हटलं, तर सगळं ऑनलाइनच आहे. नंबर बदलून द्या म्हटलं, तर जुन्या नंबरवर कोड येईन. मी फोन ठेवला. शिवी आली होती तोंडात, पण त्या बिचाऱ्याले देऊन काय फायदा?

मेडशीच्या स्टँडसमोर हरीओमचं दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स, फॉर्म, मोबाईलचे कव्हर, सगळं एकाच टेबलावर. पंचक्रोशीतल्या लोकाईचे फोन त्याच्या हातातून जातात. त्यानं बाबाचा फोन उलटासुलटा करून पाह्यला अन् निदान केलं: सिम जुनं झालं, बदलून घ्या. बाबा अन् मी एसटीनं तालुक्याले, मालेगावले गेलो, कंपनीच्या दुकानात बाबानं आधार दिलं, अंगठा लावला, फोटो काढला. दुपारी नवं सिम चालू झालं. मग तिथली पोरगी म्हणे, नवीन सिमवर चोवीस तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक होऊ नये म्हणून नियम आहे. हे आधी सांगावं की नाही? बाबा म्हणाले, चाल माय, गाडी लागली.

अशानं आमचा एक दिवस आमीच गाडला.

गुरुवारी दुपारनंतर मेसेज सुरू झाले. हरीओमनं दुकानातच खात्री केली. बाबाच्या कार्डावरून दहा रुपयाचं रिचार्ज मारलं, तर बँकेचा कोड टकाटक आला. तो खुश. म्हणे झालं ताई, आता पाहा. मी साइटवर बटन दाबलं. दहा मिनिटं. नाही आला. तेव्हा मले आठवलं, पावसाळ्यात माझ्या फोनात बँकेचं ॲप बाबाच्या नंबरवर चालू कराले घेतलं होतं, तर त्याच्या नोंदणीचा कोडबी आला नव्हता. तेव्हा आमी म्हटलं होतं, बँकेचं मशीन बिघडलं असन, अन् सोडून दिलं होतं. गॅसच्या साइटचाबी नव्हता आला. आपण गरीब माणसं, काही नाही आलं तर आपल्यालेच नाही आलं असं धरून चालतो, विचारत नाही.

शुक्रवारी सकाळी दहाले हरीओमच्या दुकानात बसून मी मोबाईल कंपनीले फोन लावला. हे दाबा, ते दाबा, गाणं ऐका. शेवटी एक बाई आली, हिंदीत बोलणारी. काही मेसेज येतात, काही नाही येत, म्हटल्यावर तिनं नंबर विचारला, दोन मिनिटं कीबोर्ड वाजवला, अन् म्हणाली, मॅडम, या नंबरवर डीएनडी आहे, डू नॉट डिस्टर्ब, पूर्ण ब्लॉक. चौदा जूनला वेबसाइटवरून लागला आहे. मी म्हटलं, डीएनडी तर जाहिरातीसाठी असते, कोड कसा थांबन? ती म्हणाली, नियमानं बँकेच्या पैशाचे कोड थांबत नाहीत. पण प्रत्येक पाठवणारा आपला मेसेज एका गटात नोंदवतो. पूर्ण ब्लॉकमध्ये जाहिरातींच्या गटासोबत सर्विसचा गटही बंद होतो. कोणी आपला कोड त्या गटात नोंदवला असेल, तर तो मधेच गळून पडतो. पाठवणारा म्हणतो पाठवला, फोन म्हणतो काही आलंच नाही. सिम बदललं तरी फरक पडत नाही, ते नंबरला चिकटलेलं असते.

सगळं बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, काढा ते. ती म्हणाली, सर्विसचा गट खुला करते, फक्त जाहिराती बंद ठेवते, लागू व्हायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात. अन् थांबलेले मेसेज, मी विचारलं. ते नाही मिळत मॅडम, ते साठून राहत नाहीत. आणखी काही मदत करू शकते का?

मी फोन ठेवला तर हरीओम माझ्याकडे पाहत नव्हता. स्क्रीनगार्डचा गठ्ठा उचलून इकडून तिकडं ठेवून राह्यला होता.

"ताई, ते म्या लावलं," तो म्हणाला. "काका आले होते. जूनमंधी."

मग त्यानं सांगितलं. बाबा भर उन्हात सायकल घेऊन आले होते. म्हणाले, सर्विसचे मेसेज येतात, ते बंद करून दे. हरीओमनं कंपनीची साइट उघडली. बाबाच्या फोनवर एक कोड आला, तो टाकला. तो मात्र आला! मग समोर दोन पर्याय आले, एक नुसत्या जाहिराती बंद, दुसरा जाहिराती अन् सर्विस दोन्ही बंद. हरीओमनं वाचून दाखवलं. त्यानं विचारलंबी, काका, सर्विसचेबी बंद करू का?

"काका म्हनले, अरे तेच तं बंद कराचे हायेत. जाहिराती येऊ दे वाटल्यास, पन सर्विसचा एकबी नको." हरीओमनं गठ्ठा खाली ठेवला. "म्हनले, लेकरू दोन दिस भिंतीकडे तोंड करून पडते. मले पाहवत नाही."

दुकानात एक म्हातारी झेरॉक्सले आली होती, ती उभी होती. हरीओमनं तिचे तीन कागद काढून दिले. मले राग यावा म्हणून मी वाट पाह्यली. हरीओमवर यावा, तर तो रोज वीस जणाईचं डीएनडी लावतो, त्याले काय म्हणू. बाबावर यावा, तर कशाचा? त्याईच्या आयुष्यात सर्विस या शब्दाचा एकच अर्थ होता, अन् तो त्याईनं बरोबर सांगितला होता. ज्यानं कोडाले, पावतीले, सूचनेले सर्विस हे नाव दिलं त्यानं आमच्या गावात कोणाले विचारलं नव्हतं. राग कोणावरच बसत नव्हता. मले रडूबी येत नव्हतं, अन् याचीच मले भीती वाटली.

म्या हरीओमले एवढंच म्हटलं, बाबाले सांगू नको.

पाचपर्यंत तिथंच बसली. चोवीस तासांपर्यंत म्हणजे चोवीस तासच असं नाही, कधीबी सुरू होऊ शकते, असं हरीओम दर अर्ध्या तासानं म्हणे. आकडा संपाची वाट न पाहता लागोपाठ तीन वेळा बटन, मग एक तास कुलूप, मग परत तीन वेळा. बाराले, एकले, दोनले. तीनच्या सुमारास बाबा सायकलवर आले. आईनं भाकर अन् वांग्याची भाजी बांधून दिली होती. त्याईनं डबा टेबलावर ठेवला, फोनकडे पाह्यलं, माझ्याकडे पाह्यलं. "येईन माय," म्हणाले, "उशिरा येते, पन येते." अन् व्हॉल्वची वेळ झाली म्हणून गेले. मी जेवली. भाजी चांगली होती, असं आता आठवते, तेव्हा चव लागली नाही.

चारले परत कुलूप उघडलं. तीन वेळा दाबलं. आता पुढचं कुलूप पाचलेच उघडणार होतं. तरी मी समोर बसून राह्यली. बाहेर पातूरची गाडी लागली, कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गेली. पाच वाजून एक मिनिटाले पान परत उघडलं. संमतीचं बटन होतं तिथंच, पण राखाडी झालं होतं. दाबून पाह्यलं. दबलं नाही. हरीओमनं झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत, खरं तर मी झेरॉक्स काढलीच नव्हती, पण तो आपला म्हणत राह्यला, राहू द्या ताई, राहू द्या.

घरी आल्यावर बाबाचा फोन त्याईच्या हातात दिला. त्याईनं विचारलं, आला का? मी म्हटलं, नाही आला, पाहू उद्या. कोण उद्या, कायचा उद्या. पण एवढंच तोंडातून निघालं. जागा गेली हे मी त्याईले सांगू शकली नाही, कारण सांगितलं की ते काहून, कशामुळं म्हणतील, अन् काहूनचं उत्तर त्याईच्या शर्टाच्या खिशात होतं.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी अंगणात सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. बाबा वस्तीतल्या शेवटच्या व्हॉल्ववर होते. गल्लीतून त्याईच्या सायकलचा आवाज आला, नेहमीपेक्षा जोरात. त्याईनं सायकल उभी केली नाही, भिंतीले टेकवून दिली. एका हातात चावी, एका हातात फोन.

"मेसेज आला, पौर्णिमा."

मी हात पुसून फोन घेतला. भरतीच्या साइटचाच होता. डीएनडी उघडल्यावर आलेला पहिला मेसेज. माझं नाव, अर्ज क्रमांक, अन् खाली इंग्रजीत दोन ओळी: दिलेल्या मुदतीत आपली संमती प्राप्त न झाल्यामुळे आपली निवड रद्द करण्यात आली असून जागा प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवाराला देण्यात येत आहे. मी एकदाच वाचलं. पुरलं.

बाबा माझ्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. त्याईले जॉब हा शब्द सापडला नव्हता, पण माझं नाव त्याईनं ओळखलं होतं.

"सर्विसचाच हाये ना?" त्याईनं विचारलं.

"हो बाबा."

मग आवाज खाली करून, चोरी कबूल करावी तसं म्हणाले, "तुले सांगितलं नाही म्या. ते खोटे मेसेज येत ना, ते म्या जूनमंधीच बंद करून टाकले होते, हरीओमकून. सगळे. तेव्हापासून एक आला नाही. अन् हा आला." त्याईचे डोळे भरले होते. "म्हनजे हा खरा हाये."

माझ्या छातीत तेव्हा पहिल्यांदा काहीतरी दुखलं. तीन वर्षांत पहिल्यांदा, अन् इतकं की तांदळाचं सूप मले खाली ठेवावं लागलं. मी सांगणार होती. खरंच सांगणार होती. पण ते विचारत नव्हते काय लिहिलं आहे म्हणून. ते एवढंच विचारत होते, खरा का खोटा.

"खरा आहे बाबा," म्या म्हटलं.

त्याईनं मान हलवली, चावी कोनाड्यात ठेवली, अन् आत जाऊन आईले विचारू लागले, पांढरा शर्ट कुठं ठेवला म्हणून.